पूर ओसरला की बुजणारा खड्डा: पुलाच्या पायाकडे नव्या अभियंत्याने कसे पाहावे

बडोद्यात शिकून पुलांच्या तपासणीच्या कामात नव्याने येणारे अभियंते बहुधा पावसाळा संपल्यावर नदीत उतरतात, पात्र सपाट दिसले की समाधान मानतात आणि अहवालात "धूप आढळली नाही" असे लिहून मोकळे होतात. मही नदीसारख्या वाळूच्या पात्रात हे वाक्य धोक्याचे आहे, कारण खांबाभोवतीचा खड्डा पूर भरात असताना सर्वांत खोल असतो आणि पाणी उतरू लागले की वरून वाहत आलेल्या वाळूने तो पुन्हा भरून येतो.

खड्डा पडतो तो असा. प्रवाहाचा वेग तळापेक्षा पृष्ठभागाजवळ जास्त असतो, त्यामुळे खांबाला थडकलेल्या पाण्याचा दाब वरच्या बाजूला अधिक आणि खाली कमी राहतो. या फरकामुळे पाणी खांबाच्या दर्शनी अंगाने थेट खाली उतरते, तळाची वाळू उकरते आणि घोड्याच्या नालेच्या आकाराचा भोवरा होऊन दोन्ही बाजूंनी मागे निघून जाते. म्हणून प्रवाह सरळ असेल तर खड्डा बहुधा खांबाच्या नाकाशी सर्वांत खोल असतो. प्रवाह तिरका येऊ लागला, तर खांबाची आडवी लांबीही पाण्यासमोर येते आणि धूप बरीच वाढते.

किती खोल, याचा अंदाज आपल्याकडे लेसीच्या सूत्राने घेतात:

```
dsm = 1.34 × (Db² / Ksf)^(1/3)
```

इथे `dsm` म्हणजे पूरपातळीखालची सरासरी धूप-खोली मीटरमध्ये, `Db` म्हणजे पात्राच्या दर मीटर रुंदीतून जाणारा विसर्ग, तर `Ksf` हा वाळूच्या कणांच्या आकारावरून ठरणारा गुणांक, सुमारे 0.32 मिमी सरासरी कणांच्या वाळूसाठी तो जवळजवळ 1 येतो. एक उदाहरण घेऊ. दर मीटरला 12 घनमीटर प्रति सेकंद विसर्ग असेल, तर `dsm` सुमारे 7 मीटर येते. खांबासाठी त्याची दुप्पट, म्हणजे 14 मीटर, धूप धरतात. मात्र ही खोली तळापासून नव्हे, तर उच्चतम पूरपातळीपासून मोजायची असते, आणि नवे लोक नेमके इथेच गोंधळतात. त्याखाली पायाला आणखी या 14 मीटरच्या एक तृतीयांश पकड हवी, म्हणून पायाच्या विहिरीचा तळ पूरपातळीखाली सुमारे 18.7 मीटरवर ठेवावा लागेल.

आता समजा, पुरात वाहून आलेली झाडे अडकून किंवा जोडरस्त्याचा भराव पात्रात सरकवल्यामुळे पाण्याला जायची एक तृतीयांश रुंदी बंद झाली. तेवढाच पूर उरलेल्या रुंदीतून जायचा, तर दर मीटर विसर्ग 18 होतो, `dsm` सुमारे 9.2 मीटर होते आणि धूप 18.4 मीटरपर्यंत पोहोचते. साडेचार मीटरची पकड जेमतेम एका वितीवर येते! कमानींखालचा कचरा काढणे हे काम मी साफसफाईत नव्हे, पायाच्या संरक्षणात मोजतो, ते यामुळे. हे सूत्र गाळाच्या व वाळूच्या पात्रांसाठी आहे. चिकणमाती किंवा खडक असेल तिथे ते जसेच्या तसे लावू नये.

नव्या पुलाला खरे संरक्षण पाया खोल नेण्यातच आहे. जुन्या, उथळ पायांभोवती मात्र मोठे सुटे दगड अंथरतात. या दगडांचा वरचा थर पात्राच्या पातळीशी जुळलेला हवा. वर उंचवटा केला, तर पाण्याला खांबच रुंद झाल्यासारखा होतो आणि नवी धूप ओढवते. दगडांखाली गाळणीचा थर नसेल, तर फटींतून वाळू निसटत राहते आणि दगड हळूहळू खचतात. शिवाय दर मोठ्या पुरानंतर दगड जागेवर आहेत का, हे पाहावेच लागते. न्यूयॉर्क राज्यातील स्कोहॅरी क्रीकवरचा पूल 5 एप्रिल 1987 रोजी पुरात कोसळून दहा जण दगावले; तिथे पाया उथळ होता, आणि त्याभोवतीचे दगडी संरक्षण कमी पडले होते व त्याची नीट निगाही राखली गेली नव्हती.

पात्र कोरडे असताना तपासायचे, तर टोकदार लोखंडी सळई घ्या. खांबापासून लांब, न हललेल्या वाळूत ती थोडी जाऊन अडते. खांबाच्या नाकाशी ती तेवढ्याच जोराने कितीतरी खोल शिरली, तर तिथली वाळू नुकतीच भरलेली आणि सैल आहे असे समजावे. अशी वाळू पायाला पूर्वीइतका आधार देत नाही. सळई जिथे घट्ट अडते ती पातळी प्रत्येक खांबासाठी नोंदवा आणि पायाच्या तळाच्या पातळीशी ताडून पाहा. वर पुलावर कठड्याची रेघ एखाद्या खांबाशी खाली झुकली आहे का, सांध्यांतील फट एका कडेला रुंद झाली आहे का, हेही बघा. पुरातली खोली जाणून घ्यायची असेल, तर पाणी भरात असतानाच पुलावरून वजन बांधलेली दोरी सोडून किंवा ध्वनिलहरींच्या यंत्राने ती मोजावी लागते. ही दोरी खांबाच्या वरच्या अंगाला सोडावी आणि प्रवाहाने ती तिरकी झाली, तर तो कोनही मापाशेजारी लिहावा.