पट्टी पकडण्याचा प्रयोग: सरावाला हातांमधला फरक समजू नका, या चुका टाळा

या प्रयोगात एक जण उभी धरलेली पट्टी सोडतो, दुसरा ती बोटांनी पकडतो, आणि पट्टी किती खाली पडली यावरून प्रतिक्रिया काळ काढतात. उजव्या आणि डाव्या हाताचा प्रतिक्रिया काळ असा मोजताना बहुतेक जण आधी एका हाताचे सगळे प्रयत्न उरकतात आणि मग दुसऱ्या हाताकडे वळतात. या प्रयोगातली सर्वांत मोठी चूक हीच. ती झाली की मोजमाप कितीही काटेकोर असले तरी हाताचा फरक आणि सरावाचा फरक वेगळे करता येत नाहीत.

समजा, एका मुलीने एकाच हाताने ३० सेंटिमीटरची पट्टी सलग १२ वेळा पकडली आणि वाचने सेंटिमीटरमध्ये अशी आली: २३, २२, २४, २१, १९, २०, १८, १९, १८, १९, १७, १८. प्रत्येक वाचनाचा वेळ `t = √(2d/g)` या सूत्राने काढायचा. इथे d म्हणजे पट्टी पडल्याचे अंतर, म्हणजेच वाचन, आणि g म्हणजे गुरुत्व त्वरण. d सेंटिमीटरमध्ये ठेवला तर g ९८० धरा. अनेकदा d मीटरमध्ये न बदलता g ९.८ घेतला जातो आणि उत्तर दोन सेकंदांच्या आसपास येते. तसे आले तर एककच चुकले आहे.

पहिल्या सहा प्रयत्नांची सरासरी ०.२०९ सेकंद येते, पुढच्या सहांची ०.१९३. आता कल्पना करा की पहिले सहा डाव्या हाताचे आणि पुढचे सहा उजव्या हाताचे म्हणून लिहिले असते. 'उजवा हात जलद' असा निष्कर्ष निघाला असता, आणि हात तर बदललेलाच नव्हता!

उपाय मांडणीतच करावा लागतो. तीन-तीन प्रयत्नांचे गट करून उजवा, डावा, डावा, उजवा असा क्रम ठेवा, आणि निम्म्या जणांना डाव्यापासून सुरुवात करू द्या. मात्र हा क्रम सरावाचा परिणाम पूर्णपणे तेव्हाच पुसतो, जेव्हा सुधारणा प्रत्येक प्रयत्नात सारखीच होते. प्रत्यक्षात ती सुरुवातीला जास्त असते आणि मग मंदावते. वरच्या वाचनांतही सर्वांत मोठी उडी तिसऱ्या आणि चौथ्या प्रयत्नांच्या मध्ये आहे. म्हणून प्रत्येक हाताचे पाच सरावाचे प्रयत्न आधी घ्या, ते वहीत नोंदवा, पण सरासरीत धरू नका. किती वगळायचे हे प्रयोगाआधीच ठरवा. आकडे पाहून ठरवलेली वगळणी मान्य होत नाही.

चर्चेत 'सरावाने प्रतिक्रिया सुधारली' एवढेच लिहिणे अपुरे आहे. नेमके काय शिकले गेले? पट्टी सोडणारा दर वेळी दोन सेकंदांनी सोडत असेल, किंवा सोडण्याआधी त्याचा अंगठा किंचित हलत असेल, तर पकडणारा तेच हेरायला शिकतो. हे ओळखण्याची सोपी युक्ती म्हणजे शेवटी सोडणारी व्यक्ती बदलणे. वेळ एकदम वाढला तर सुधारणेचा बराच भाग त्या खुणांमुळे होता, असा संशय घ्यायला जागा आहे. वेळ तसाच राहिला तर बोटे मिटण्याची लकब बसली, हे जास्त संभवते. सोडणाऱ्याची बोटे पुठ्ठ्याआड ठेवा आणि १ ते ५ सेकंदांमधल्या थांबण्याच्या वेळांची यादी चिठ्ठ्या काढून आधीच तयार करा. 'एक, दोन, तीन' मोजून पट्टी कधीच सोडू नका.

पाच सेंटिमीटरच्या आतले वाचन म्हणजे जेमतेम ०.१ सेकंद. तो अंदाजाने केलेला झेल समजा आणि प्रयत्न पुन्हा घ्या, पण तशी नोंद ठेवा. उलट, पट्टी हातातून पूर्ण निसटली तर तो प्रयत्न गाळण्याचा मोह आवरा. निसटली याचा अर्थ वेळ ०.२४७ सेकंदांहून जास्त लागला. असे प्रयत्न गाळले की सरासरी खोटीच जलद दिसते. ५० सेंटिमीटरची पट्टी वापरा, किंवा निसटलेल्या प्रयत्नांना सर्वांत हळू धरून सरासरीऐवजी मध्यक द्या.

हाताच्या स्थितीबाबत एकच गोष्ट वारंवार बिघडते. मनगट टेबलाच्या कडेवर टेकलेले नसले तर हात पट्टीबरोबर खाली जातो आणि वाचन कमी येते. शून्याची खूण अंगठ्याच्या वरच्या कडेशी जुळवा, वाचनही त्याच कडेवर घ्या. बोटांमधले अंतर दर वेळी २ सेंटिमीटरच ठेवा, कारण मोजलेल्या वेळात बोटे मिटण्याचा वेळही धरलेला असतो.

अहवालात केवळ सरासरी देऊ नका. आडव्या अक्षावर प्रयत्न क्रमांक आणि उभ्या अक्षावर वेळ घेऊन आलेख काढा, सराव त्यातच दिसतो. २० सेंटिमीटरजवळ एक सेंटिमीटरची चूक म्हणजे साधारण ०.००५ सेकंद, तेव्हा चार दशांश स्थळे लिहिण्यात अर्थ नाही. वरच्या उदाहरणाची नोंद अशी होईल: 'पहिल्या चार प्रयत्नांची सरासरी ०.२१४, मधल्या चारांची ०.१९७, शेवटच्या चारांची ०.१९२ सेकंद. सुधारणा मुख्यतः सुरुवातीला झाली. सोडणारी व्यक्ती बदलून पाहिलेली नसल्याने ती कशामुळे झाली हे या आकड्यांवरून सांगता येत नाही.'