आंतर-कंपनी कर्जाच्या व्याजातील सहा हजारांचा फरक

वडोदऱ्यातील आमच्या समूहात एका कंपनीने दुसरीला २० लाख रुपये १२ टक्के व्याजाने दिले होते. तिमाही व्याज ६०,००० होते. कर्जदार कंपनीने १० टक्के टीडीएस कापून ५४,००० भरले आणि धनको कंपनीत तेवढेच उत्पन्न नोंदले गेले, त्यामुळे समूहाच्या हिशोबांच्या एकत्रीकरणात ६,००० जुळेनात.

दुरुस्ती अशी केली: कर्जदाराकडे व्याज खर्च ६०,००० नावे, देय टीडीएस ६,००० आणि धनकोचे व्याज खाते ५४,००० जमा, धनकोकडे कर्जदाराचे व्याज खाते ५४,००० व टीडीएस येणे ६,००० नावे, व्याज उत्पन्न ६०,००० जमा. मुद्दलाचे खाते वेगळेच ठेवले. एकत्रीकरणात उत्पन्न व खर्च परस्पर वजा होतात. टीडीएस मात्र वजा करू नये, कारण तो व्यवहार सरकारशी असतो.