या चुका टाळा: पावसाळी ट्रेकच्या आधी पाहुण्यांना द्यायच्या सूचना

ठाणे, कळवा, ऐरोलीकडून वीसेक पाहुण्यांचा गट रविवारी माहुली किल्ल्यावर निघालाय असं धरूया. पहाटे साडेपाचला तीन हात नाक्यावर बस, मग नाशिक महामार्गाने आसनगाव आणि तिथून आत पायथ्याचं माहुली गाव. बहुतेक ठिकाणी सूचना दिल्या जातात त्या गावात, पोहे-चहा चालू असताना, एका दमात दहा मिनिटं. निम्मे लोक बशी सांभाळत असतात, काही जण फोटो काढत असतात. शेवटी “काही शंका?” असं विचारलं जातं, कोणी बोलत नाही आणि गट निघतो.

सगळं एकाच जागी सांगणं ही पहिली चूक. ज्या जागी माणूस एखादी गोष्ट अजून बदलू शकतो, तिथेच ती सांगायला हवी. बुटांबद्दल माहुली गावात सांगून काय उपयोग? तिथे दुसरे बूट मिळणार नाहीत. सामानाचं बोलणं बस सुटण्याआधी ठाण्यात करा, पावसाचं ओढ्याच्या काठावर आणि गटाचं रान सुरू होतं तिथे. प्रत्येक वेळी तीन मिनिटं पुरतात.

“चांगले शूज घाला” असं मोघम सांगणं

हे वाक्य ऐकून प्रत्येकाला आपले शूज चांगलेच वाटतात. त्यातले सर्वांत दगाबाज म्हणजे वर्षभर खोक्यात ठेवलेले, जवळपास नवे दिसणारे ट्रेकिंग शूज. बऱ्याच बुटांच्या सोलच्या वर पॉलियुरेथेनच्या फोमचा थर असतो. आपल्याकडच्या दमट हवेत हा फोम ओल शोषून आतून कुजतो, बूट वापरला नाही तरीही. वरून काहीच दिसत नाही. तासभर चढल्यावर अख्खा सोल जिभेसारखा लोंबायला लागतो.

म्हणून बसपाशी असं सांगा: “उजवा बूट काढा. टाच आणि चवडा धरून मधोमध वाकवा. चवड्याच्या पुढे फट पडते का बघा. आता बाजूचा मऊ थर अंगठ्याने दाबा. भेगा दिसल्या किंवा भुगा हाताला लागला तर हात वर करा.” मग डावा. वीस जणांत एखाददुसरा हात वर होतोच. घर जवळ असेल तर तो दुसरे बूट घेऊन येईल. नसेल तर चिकटपट्टीचे तीन-चार वेढे आत्ताच घाला, पण ही सोय उतरून येण्यापुरतीच आहे, हे त्याला स्पष्ट सांगा. अशा बुटांनी किल्ल्यावर चढायच्या शिडीपर्यंत जाऊ देऊ नका.

दुसरी गोष्ट कोरड्या कपड्यांची. सॅकला रेनकव्हर आहे म्हणून लोक निर्धास्त असतात, पण पाणी पाठीवरून ओघळत कव्हरच्या आत शिरतं. बदलायचा टी-शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून सॅकच्या आत हवा. छत्री मात्र बसमध्येच ठेवायला लावा, चढताना दोन्ही हात मोकळे लागतात. पाणी माणशी किमान दोन लिटर. “पाऊस आहे, तहान लागत नाही” म्हणणाऱ्यांच्याच पोटऱ्या दुपारी आखडतात.

“पाऊस वाढला तर बघू” असं म्हणणं

हवामान खात्याचा इशारा आदल्या रात्री आणि निघण्याआधी बघायचाच. ऑरेंज किंवा रेड असेल तर निघायचंच नाही, म्हणजे सूचनांचा प्रश्नच उरत नाही. पण यलो असलेल्या किंवा काहीच इशारा नसलेल्या दिवशीही ओढा अडवतो. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी मांडीपर्यंत येतं, आणि तुम्ही उभे आहात तिथे थेंबही पडत नसतो. पाऊस वर डोंगरमाथ्यावर झालेला असतो. उघड्या कातळावरचं पाणी मुरत नाही, सरळ खाली येतं.

त्यामुळे जाताना ओढ्याच्या काठावर गट थांबवा आणि बोट दाखवून बोला: “हा पांढऱ्या डागाचा दगड बघून ठेवा. आता तो वीतभर पाण्याबाहेर आहे. परतताना बुडालेला दिसला तर आपण पलीकडेच थांबणार. कोणीही पाण्यात पाय घालणार नाही, पोहता येत असलं तरी.” पुढे तीन खुणा सांगा. पाणी नितळ होतं ते गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहून यायला लागला, आवाज खर्जात गेला, यातलं काहीही जाणवलं तर पाण्यापासून वर सरकायचं आणि मग लीडरला हाक मारायची. क्रम हाच, कारण लोक उलटं करतात: पाण्यातच उभे राहून हाका मारतात.

थांबायचं म्हणजे किती, हेही सकाळीच सांगून टाका. असे छोटे, उताराचे ओढे जितक्या झपाट्याने फुगतात तितक्याच झपाट्याने उतरतात. वरचा पाऊस थांबला की बहुतेकदा तासा-दोन तासांत. ज्याला हे माहीत नसतं तो पंधराव्या मिनिटाला “दोर लावून जाऊ या” म्हणायला लागतो, त्याला सोमवारचं ऑफिस दिसत असतं. तो कोरडा टी-शर्ट आणि खाऊचा एक जादा पुडा याच दोन तासांसाठी असतो, हे सांगितलं की लोक तो पुडा दहा वाजताच फोडत नाहीत.

परतीची वेळही घड्याळाने ठरवा. साडेसातला चढायला लागलात तर बारा वाजता जिथे असाल तिथून मागे. शिडी समोर दिसत असली तरी.

“सगळे आले का?” असं विचारणं

याचं उत्तर कायम “हो” असंच येतं. जो आला नाही तो “नाही” म्हणायला तिथे नसतो. डोकी मोजण्यातही घोळ होतो, धुक्यात सगळे पोंचो सारखेच दिसतात. रानाच्या तोंडाशी प्रत्येकाला क्रमांक द्या आणि प्रत्येक थांब्यावर तो त्यानेच मोठ्याने म्हणायचा. तेरानंतर शांतता पसरली की चौदा नंबर नाही, हे त्याच क्षणी सगळ्यांना कळतं.

माणसं हरवतात ती बहुतेकदा लघवीला बाजूला जाताना. लाजेपोटी कोणी सांगत नाही, मागचा लीडर पुढे निघून जातो आणि तो माणूस बाहेर येतो तो भलत्याच ढोरवाटेवर. गुरांच्या या वाटा मळलेल्या, रुंद, अगदी खऱ्या वाटेसारख्या दिसतात. यावर उपाय सोपा आहे: “बाजूला जाताना सॅक वाटेवर ठेवा.” वाटेवर सॅक दिसली की मागचा लीडर थांबणारच, काही बोलावंही लागत नाही. फाट्यावर पुढच्याने मागचा माणूस दिसेपर्यंत उभं राहायचं.

आणि चुकलोच तर? आहे तिथेच थांबायचं. मिनिटात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर गप्प राहून ऐकायचं, पुन्हा सहा. उत्तर म्हणून मिनिटाला तीन शिट्ट्या येतील. रेंज असेल तर ११२. ओढ्याच्या कडेने खाली उतरू नका, हे मात्र कारणासकट सांगा, कारण “पाणी गावाकडेच जातं” हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं असतं. पाणी जातं गावाकडेच, पण सह्याद्रीत ते वाटेत कड्यावरून उडी मारतं. शेवाळलेल्या कातळावर तिथपर्यंत घसरत गेलेल्या माणसाला परत वर चढता येत नाही, आणि धबधब्याच्या आवाजात त्याची शिट्टीही ऐकू येत नाही.

एवढं झालं की शिट्टी नसलेल्यांना हात वर करायला सांगा. चार-पाच जादा शिट्ट्या तुमच्या खिशात हव्यात.