फ्लश टँकखालचा जाळीचा कनेक्शन पाइप

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घरी फ्लश टँकच्या कनेक्शन पाइपवर, टोकाच्या नटाला लागून असलेल्या पत्र्याच्या कड्याजवळ, तांबूस ठिपके दिसले. कपडा फिरवला तेव्हा तुटलेल्या तारांची टोके त्यात अडकली. पाणी गळत नव्हते, तरीही पाइप लगेच बदलला. कारण दाब पेलते ती बाहेरची स्टीलची जाळी, आतली रबरी नळी नव्हे, आणि तारा तुटल्या की नळी तिथून फुगून अचानक फुटते. आमच्याकडे जाळी गंजण्याचे कारण बहुधा शेजारीच ठेवलेली ॲसिडची बाटली असावी, कारण तिच्या वाफा स्टेनलेस स्टीललाही खातात.

अँगल कॉक बंद करून, टँक रिकामा करून जुना पाइप काढला. नव्याच्या नटात रबरी वॉशर असल्याने टेफ्लॉन टेप लावली नाही. नट हाताने घट्ट करून पान्याने फक्त पाव फेरा दिला, कारण जास्त आवळल्यास वॉशर चिरतो. जुना अठरा इंची पाइप ताणलेला होता, म्हणून चोवीस इंची घेतला. साधारण पाच ते दहा वर्षांत, दिसायला चांगला असला तरी, तो बदलावा. बाहेरगावी जाताना कॉक बंदच ठेवावा.