बॉटचे पीआर मेट्रिक्समधून काढायच्या आधी काय काय तयार ठेवायचं

आमच्याकडे क्वार्टर संपत आला की कुणीतरी म्हणतंच, अरे ते डिपेंडाबॉटचे पीआर काढा आधी, आकडे सगळे बिघडलेत. खरंय ते. दहा मिनिटांत आपोआप मर्ज होणारे पीआर सायकल टाइमचा मीडियन खाली ओढतात, आणि कुणी हात न लावता चाळीस दिवस पडून राहिलेले सरासरी वर नेतात, म्हणजे टीम कशी चाललीय ते दोन्हीकडून कळत नाही. पण काढताना पीआरची अख्खी ओळच काढली तर त्या पीआरवर माणसाने केलेला रिव्ह्यूही तिच्याबरोबर जातो, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की तो जाता कामा नये. म्हणून डॅशबोर्डला हात लावायच्या आधी थोडी तयारी करून घ्या.

पहिलं काम, बॉट कोण ते लिहून काढा. गिटहबवर अॅप म्हणून चालणारे बॉट ओळखायला सोपे, लॉगिनच्या शेवटी `[bot]` असतं आणि एपीआयमध्ये `type` ला `Bot` येतं. अडचण येते ती साध्या अकाउंटवरून चालणाऱ्या बॉटची. स्वतःच्या सर्व्हरवर रेनोव्हेट चालवणाऱ्या टीम बऱ्याचदा त्याला एक वेगळं युजर अकाउंट आणि टोकन देतात, आणि गिटहबच्या लेखी ते अकाउंट म्हणजे माणूसच, `type` मध्ये `User` येतं. त्यामुळे एकट्या `type` वर विसंबू नका, अशा लॉगिनची एक छोटी फाइल रेपोमध्येच ठेवा म्हणजे बदल झाला की दिसतो. जुना डेटा घेणार असाल तर त्यात `dependabot-preview[bot]` पण टाका, 2021 पर्यंतच्या कित्येक पीआरवर तेच नाव आहे.

मग डेटा ओढा, आणि इथे दोन ठिकाणी हमखास फसायला होतं. `gh pr list` ला मर्यादा दिली नाही तर ते फक्त 30 पीआर देतं आणि `--json` ने मागितले असतील तर बाकीचे राहिले हे सांगतही नाही. दुसरं म्हणजे फक्त मर्ज झालेले मागितले तर नवीन व्हर्जन आलं म्हणून डिपेंडाबॉटने स्वतःच बंद केलेले पीआर यादीत येत नाहीत, पण त्यातल्या काहींचा रिव्ह्यू कुणीतरी करून ठेवलेला असतो, ती मेहनत झालेली असते ना. म्हणून बंद झालेले सगळेच घ्या:

```
gh pr list --state all --limit 500 \
  --search "closed:2025-03-01..2025-03-31" \
  --json number,author,reviews \
  --jq '.[] | select(.author.is_bot) | .number as $n
        | .reviews[] | [$n, .author.login, .state] | @tsv'
```

यातून बॉटच्या पीआरवर कुणी कुणी रिव्ह्यू दिला ते मिळतं. युजर अकाउंटवाले बॉट `is_bot` मध्ये सापडणार नाहीत, त्यांच्यासाठी ती फाइल वापरायची. आणि रिव्ह्यू देणारे लॉगिनही एकदा नजरेखालून घाला, कारण छोटे अपडेट वर्कफ्लोनेच अप्रूव्ह करायचे अशी सोय काही टीमने केलेली असते, ते अप्रूव्हल माणसाच्या ओझ्यात मोजायचे नाहीत.

आता मुख्य गोष्ट. फिल्टर एकच नको, दोन ठेवा. पीआर किती, सायकल टाइम किती, असं लिहिणाऱ्याबद्दलचं मोजमाप असेल तिथे लेखक बॉट असला की ओळ बाहेर. रिव्ह्यू किती, कुणी केले, अशा रिव्ह्यू करणाऱ्याबद्दलच्या मोजमापात पीआर कुणाचा का असेना, रिव्ह्यू देणारा माणूस आहे की नाही एवढंच बघायचं.

हिशोब करून बघू. समजा सहा जणांची टीम आहे, महिन्यात 90 पीआर बंद झाले, त्यातले 40 बॉटचे. माणसांनी एकूण 110 रिव्ह्यू दिले, त्यातले 33 बॉटच्या पीआरवर आणि त्या 33 मधले 21 एकाच मुलीने, कारण बिल्ड आणि डिपेंडन्सी तिच्याकडे आहेत. बॉटच्या ओळी सरसकट काढल्या तर टीमचे रिव्ह्यू 77 दिसतात आणि तिचे फक्त 9, टीममध्ये सगळ्यात कमी. खरे तिचे 30 आहेत, सगळ्यात जास्त. तिचा सोमवार डोळ्यासमोर आणा, डिपेंडाबॉटचा आठवड्याचा फेरा ठरवून दिलेला नसेल तर सोमवारीच येतो, सकाळी पाच पीआर हजर, लॉकफाइलचा डिफ हजारो ओळींचा जो कुणी वाचत नाही, मग ती प्रत्येकाचा चेंजलॉग उघडून काही मोडणारं आहे का बघते, दोन ठिकाणी टेस्ट पडतात, आणि तिचा स्वतःचा पीआर दुपारवर जातो. सरसकट फिल्टरनंतर त्या सकाळची खूण म्हणून फक्त तिच्या पीआरचा वाढलेला सायकल टाइम उरतो.

या दोन फिल्टरमध्ये न बसणारा गट म्हणजे बॉटने उघडलेले पण माणसाने पुरे केलेले पीआर. मेजर व्हर्जन आलं, एपीआय बदलला, आणि कुणीतरी त्याच ब्रँचवर दोन दिवस कोड दुरुस्त केला. लेखकाच्या जागी बॉटचंच नाव राहतं, म्हणून हे काम दोन्हीकडून हरवतं. ओळखायला बॉटच्या प्रत्येक पीआरच्या नंबरवर `gh pr view <नंबर> --json commits` चालवा आणि बॉट सोडून दुसऱ्याचे कमिट आहेत का बघा, त्यात मर्ज कमिट मात्र धरू नका, कारण ब्रँच अपडेट करायचं बटण दाबलं तरी माणसाच्या नावाने एक मर्ज कमिट पडतो. जे उरतील ते माणसाच्या कामात धरा, माझ्या मते तरी त्यांची जागा तिथेच आहे.

रिव्ह्यूला किती वेळ लागला हे गिटहब सांगत नाही, आणि अप्रूव्हच्या वेळेवरून काढायला जाऊ नका, पीआर उघडल्यापासून अप्रूव्ह होईपर्यंतचा बहुतेक वेळ वाट बघण्याचाच असतो. त्यापेक्षा दोन आठवडे सगळ्यांना सांगा की बॉटचा पीआर बघितला की किती मिनिटं गेली ते अंदाजे लिहून ठेवा. तेवढ्या नोंदींवरून छोटा अपडेट किती खातो आणि मेजर किती खातो याचा अंदाज बांधता येतो, त्याने रिव्ह्यूच्या संख्येला गुणा आणि तो आकडा अंदाज आहे हे शेजारी लिहा. डिपेंडाबॉटचं ग्रुपिंग मधेच सुरू केलं असेल तर ती तारीखही लिहा, कारण दहा अपडेट एका पीआरमध्ये आले की संख्या घटते, वाचायचं मात्र साधारण तेवढंच राहतं.

नवीन फिल्टर लावला की मागचे सहा महिनेही त्यानेच पुन्हा मोजा. नाहीतर ज्या दिवशी फिल्टर लावला त्या दिवशी ग्राफला पायरी पडते आणि पुढच्या मीटिंगमध्ये त्या पायरीचं कारण टीमच्या कामात शोधलं जातं.

शेवटी डॅशबोर्डवरची मांडणी. बॉटच्या पीआरवरच्या रिव्ह्यूचा आकडा वेगळ्या टॅबवर ठेवू नका, तिथे कुणी जात नाही. सायकल टाइमच्या खालीच एक ओळ द्या, या महिन्यात बॉटचे 40 पीआर वगळले, त्यावर माणसांचे 33 रिव्ह्यू. माणसागणिक आकडे मोठ्या स्क्रीनवर लावायचे नाहीत, ते लीडने बघायचे आणि 33 मधले 21 एकाच व्यक्तीकडे आहेत असं दिसलं तर त्याच आठवड्यात बॉटच्या पीआरची पाळी लावायची. आणि शुक्रवारी बॉटचे किती पीआर उघडे राहिले तेही मोजा, कारण पाळी लावल्यावर रिव्ह्यूचे आकडे सारखे दिसायला लागले पण उघडे पीआर आठवड्यागणिक वाढत गेले, तर काम वाटलं गेलेलं नाही, नुसतं पडून राहिलंय.