आरएसआय सत्तरीपार गेला म्हणून बिटकॉइन विकू नका: जोरदार तेजीत हा इंडिकेटर कसा वापरावा

आरएसआय म्हणजे अलीकडच्या भाववाढीचा जोर घटीच्या तुलनेत किती, हे ० ते १०० मध्ये सांगणारा आकडा. ‘आरएसआय ७० च्या वर गेला की विका, ३० च्या खाली आला की घ्या’ हा सल्ला आडव्या बाजारात कसाबसा चालतो. क्रिप्टोच्या खऱ्या तेजीत तो पाळणारा माणूस पहिल्याच आठवड्यात बाहेर पडतो आणि पुढची सगळी चाल बाहेरून बघतो. बिटकॉइनचा २०२०-२१ चा चार्ट उघडून पुढचं वाचा.

चार्ट लावणे. `BTCUSDT`, एक दिवसाची कँडल, आरएसआय १४, म्हणजे चौदा दिवसांचा. चौदाचा आकडा बदलू नका. आकडा कँडल बंद झाल्यावरच वाचायचा. क्रिप्टोची दैनिक कँडल भारतीय वेळेनुसार पहाटे ५:३० ला बंद होते, साप्ताहिक सोमवारी पहाटे ५:३० ला. रात्री अकराला दिसणारा आरएसआय अजून हलणारा असतो. त्यावर निर्णय घेऊ नका.

ट्रेंड ठरवणे. साप्ताहिक चार्टवर भाव २० आठवड्यांच्या सरासरीच्या वर हवा आणि ती सरासरी चढती हवी. नसेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही, जुनेच ७०-३० वापरा.

७० च्या वर काय करायचं

इथेच बहुतेकांचं चुकतं, कारण आरएसआय काय मोजतो हे कोणी नीट सांगत नाही. वेल्स वाइल्डर यांनी १९७८ मध्ये मांडलेलं गणित असं आहे:

```
RS  = सरासरी वाढ / सरासरी घट
RSI = 100 - 100 / (1 + RS)
```

म्हणजे ७० याचा अर्थ एवढाच, की सरासरी वाढ सरासरी घटीच्या सुमारे सव्वादोन पट आहे. ८० म्हणजे चौपट, ९० म्हणजे नऊपट. भाव ‘महाग’ आहे की नाही, याबद्दल हा आकडा काहीच बोलत नाही. रोज थोडी वाढ आणि अधूनमधून किरकोळ घट असं चालू राहिलं, तर गुणोत्तर चारच्या आसपास टिकतं आणि आरएसआय आठवडेच्या आठवडे ८० जवळ बसून राहतो. त्याला खाली ओढणारी कुठलीही शक्ती सूत्रात नाही. रबर ताणलं की परत येतंच, ही उपमा इथे डोक्यातून काढून टाका.

२१ ऑक्टोबर २०२० ला पेपॅलने क्रिप्टो सेवेची घोषणा केली. भाव १२,८०० डॉलरच्या आसपास गेला आणि दैनिक आरएसआयने सत्तरी ओलांडली. नियमाप्रमाणे तिथे विकायला हवं होतं. पुढच्या पाच आठवड्यांत आरएसआय बहुतेक काळ ७० च्या वर किंवा अगदी जवळ राहिला आणि भाव १९,४०० पर्यंत चढला. विकून ‘पुन्हा खाली आला की घेऊ’ म्हणणाऱ्याला पहिले काही दिवस सोडले तर ती किंमत परत मिळालीच नाही. नोव्हेंबर २०२२ च्या मोठ्या पडझडीतही भाव साडेपंधरा हजारांच्या आसपास थांबला.

‘मग ७० च्या वर गेल्यावर नाही, ७० खाली परतल्यावर विका’ हा सुधारित सल्लाही टाकाऊ आहे. हिशोब करून बघा. भाव २०,००० आहे, सरासरी वाढ ४०० आणि सरासरी घट १००, आरएसआय ८०. आज भाव एक हजाराने, म्हणजे पाच टक्क्यांनी पडला. नव्या सरासरीत जुनीचे तेरा भाग आणि आजचा एक, म्हणून नवी सरासरी वाढ ४०० × १३/१४ = ३७१. नवी सरासरी घट (१०० × १३ + १,०००)/१४ = १६४. आरएसआय ६९. एका लाल दिवसात ‘विक्रीचा संकेत’ तयार! बिटकॉइनमध्ये पाच टक्क्यांची घसरण भर तेजीतही नेहमीची आहे.

तोच भाव सलग पाच दिवस रोज हजाराने पडला, तर आरएसआय ४२ वर येतो. चाळिशीच्या आसपासचा पट्टा महत्त्वाचा आहे तो यामुळे. तिथे पोचायला एक वाईट दिवस पुरत नाही, विक्रेत्यांना टिकून राहावं लागतं.

तेव्हा ७० आणि ३० च्या रेषा पुसून ४०, ५० आणि ८० च्या काढा. चालू तेजीत ७० च्या वरचा आकडा म्हणजे ट्रेंड जिवंत असल्याची खूण. हातातला माल ठेवायचा. नवी खरेदी मात्र करायची नाही, कारण तिथून स्टॉपलॉस, म्हणजे तोटा आवरायला विकायचा भाव, फार लांब पडतो. भाव पडेल या अंदाजाने शॉर्ट तर मुळीच नाही.

खरेदी कुठे. दैनिक आरएसआय ४०-५० च्या पट्ट्यात उतरू द्या. उतरला म्हणून लगेच घेऊ नका. आदल्या दिवसाच्या उच्चांकाच्या वर एक दैनिक बंद मिळाला की घ्या. स्टॉपलॉस त्या घसरणीच्या नीचांकाखाली. दोन लाखांच्या खात्यात एका सौद्यात दोन हजार गमवायची तयारी असेल आणि स्टॉप ८ टक्के खाली असेल, तर खरेदी २५,००० ची, जास्त नाही. जानेवारी २०२१ मध्ये भाव ४२,००० जवळून तीस हजारांपर्यंत आला तेव्हा आरएसआय याच पट्ट्यात टेकला होता.

डायव्हर्जन्स. भाव नवा उच्चांक करतो, आरएसआय करत नाही. याचा अर्थ चढण्याचा वेग कमी झाला, दिशा बदलली असा नाही. २०२१ मध्ये भावाचे उच्चांक जानेवारीत ४२,०००, फेब्रुवारीत ५८,००० आणि एप्रिलमध्ये ६४,८०० असे चढत गेले, दैनिक आरएसआयचे मात्र उतरत गेले. फेब्रुवारीतल्या डायव्हर्जन्सवर सगळं विकणाऱ्याने घाई केली. डायव्हर्जन्स दिसला की नवी भर थांबवा आणि स्टॉप वर सरकवा. तेवढंच.

बाहेर कधी पडायचं. दोन गोष्टी लागतात, आणि याच क्रमाने. आधी दैनिक आरएसआय ४० च्या खाली बंद होतो. मग येणारी उसळी साठच्या आसपासच दमते. पहिली गोष्ट घडली की अर्धा माल काढा, दुसरी घडली की उरलेला. एप्रिल २०२१ च्या उत्तरार्धात भाव ४७,००० पर्यंत पडला आणि आरएसआय चाळिशीखाली गेला. मेच्या पहिल्या पंधरवड्यात भाव ५९,००० च्या वर गेला, पण आरएसआय साठीच्या आसपासच अडकला. १९ मेला भाव ३०,००० ला टेकला. या पद्धतीने शिखरावरचे ६४,८०० मिळत नाहीत, आणि मिळवायचा प्रयत्नही करू नका.

भारतात खातं असेल तर आत-बाहेर कमी करण्याला आणखी एक कारण आहे. प्रत्येक विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो, नफ्यावर सरसकट ३० टक्के कर लागतो, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. सत्तरीला विकून वर परत घेणाऱ्याचं भांडवल टीडीएसमध्येच अडकत जातं.

हे सगळं बिटकॉइन आणि इथरसारख्या भरपूर उलाढालीच्या नाण्यांसाठी. चार महिन्यांपूर्वी आलेल्या, दिवसाला मोजकेच सौदे होणाऱ्या नाण्याचा आरएसआय दोन-तीन मोठे विक्रेते हवा तसा वाकवतात. तिथे चाळिशीची रेषा काढण्यात अर्थ नाही.