पान सोडण्याआधी चेहरा कापून शोधला

खासबाग मैदानात एका पुढाऱ्यानं वादग्रस्त माणसाच्या खांद्यावर हात टाकलाय, असा फोटो कोल्हापूरभर फिरत होता. आमच्या पेपरचं पान छपाईला सोडायला अर्धा तास. वार्ताहर म्हणाला, "साहेब, लावूया."

फोटो मोठा केला. सगळ्यांच्या डाव्या गालावर उजेड, पुढाऱ्याच्या मात्र उजव्या. पण फ्लॅशनंही असं होतं, एवढ्यावर खोटा ठरवणं मला पटेना. चेहऱ्यासकट शोधलं की त्या पुढाऱ्याचेच फोटो येतात. म्हणून चेहरा कापून नुसता शर्ट आणि मागची गर्दी गूगल लेन्सला दिली. जुना फोटो सापडला: शर्टाच्या घड्या त्याच, चेहरा दुसऱ्याचा. त्या जुन्या फोटोच्या छायाचित्रकाराकडून मूळ फाइल मागवली, तीही जुळली. व्हायरल फोटो पानावरून काढून टाकला, त्या जागी पाणीपुरवठ्याची बातमी लावली.